शुल्क अदा केले असता पावती अप्राप्त असलेबाबत

घरातलं पोरगं कॉलेजच्या ऑफिसात द्यायचा अर्ज तुम्हाला दाखवायला आलं, की आधी लाल पेन शोधा. पोराने लिहिलेलं असतं ते असं : 'सर, मी १२ जुलैला वडिलांच्या फोनवरून, यूपीआयने, १८,४५० रुपये फी भरली. खात्यातून पैसे गेले, पण पावती निघाली नाही. यूटीआर नंबर आणि माझा रोल नंबर खाली देतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायला पावती हवी आहे.'

चार वाक्यं आणि चारही एका वाचनात समजतात. असल्या अर्जाला ऑफिसात कोण किंमत देणार?

'सर' खोडून 'मा. प्राचार्य महोदय यांचे सेवेशी' करा. पावती देते ती लेखा विभागाची खिडकी, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण प्राचार्यांच्या टेबलावर आठवडाभर मुरल्याशिवाय अर्जाला चव येत नाही. 'मी भरली'चं 'अदा करण्यात आलेली आहे' करा. कोणी भरली ते त्यात गळून जातं, त्यालाच नम्रता म्हणायचं. '१२ जुलैला' ऐवजी 'नुकतेच' लिहा, आणि वडिलांच्या फोनचा उल्लेख तर आधी काढा. घरच्या गोष्टी ऑफिसात कशाला? बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम वडिलांच्या नावावर दिसत असेल आणि भाऊसाहेब मुलाच्या नावाने शोधत बसतील, तर तो त्यांच्या चिकाटीचा प्रश्न.

राहता राहिला यूटीआर. बारा आकडे सलग! सुबक मजकुरात ते फार खुपतात. तिथे 'सदर व्यवहाराचा तपशील आपणांस विदित असेलच' असं घाला. त्या दिवशी तेवढीच फी शंभर जणांनी भरली असेल, तर वेगळेपणा तेवढ्या आकड्यांनीच कळतो. पण भाषा बिघडवून नको.

शेवटी तुमचा खास हात फिरवा. 'पावती हवी आहे' फारच उघडंबोडकं वाटतं, म्हणून 'पावतीची दुय्यम प्रत मिळणेस विनंती'. मूळ पावती निघालीच नव्हती, ही किरकोळ बाब. ऑफिस ती मूळ पावती शोधेल, सापडणार नाही, मग पोराकडून ती हरवल्याचं हमीपत्र मागेल. ते तपासायलाही तुम्ही आहातच.

अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का मात्र मागायला सांगू नका. अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेब पोराला खिडकीशी बोलावतील. विचारतील, 'कधी भरली? कुणाच्या खात्यातून? यूटीआर काय?' पोरगं सांगेल तसं ते अर्जाच्या समासात पेन्सिलीने उतरवून घेतील आणि पाच मिनिटांत पावती काढून देतील.

त्यांनी समासात 'फी' लिहिलंय. पुढच्या वेळी गेलात की तेवढं 'शुल्क' करून या.