कट आणि काठ

कोल्हापुरात मिसळीचा फोटो काढायचा म्हणजे कट सांडणार, हे धरूनच चालावं लागतं. वाटीत ओततानाच तो उड्या मारतो. पांढऱ्या प्लेटच्या काठावर शेंगदाण्याएवढा लाल थेंब बसतो, शेजारी फरसाणाचा चुरा टेकतो आणि त्या वेळी दोघंही कुणाला दिसत नाहीत, कारण सगळ्यांचा जीव वाफेत अडकलेला. फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला की मग थेंब रुबाबात पुढे येतो. हॉटेलमालकाचं बोलणं ठरलेलं असतं, "भावा, ठिपकाच तर हाय, पुसून टाक की. त्याला काय वेळ लागतोय?"

प्लेट समोर असताना पुसणंसुद्धा वाटतं तेवढं सोपं नाही. कटातला लाल रंग तेलात उतरलेला असतो. ओलं फडकं फिरवलं की थेंब जातो आणि त्या जागी नारिंगी तवंगाचा पट्टा येतो. आधी कोरड्या टिश्यूने टिपायचं, मग कान कोरायच्या कापसाच्या काडीला जरासं व्हिनेगर लावून फिरवायचं. पण हे ज्ञान फोटो निघायच्या आधीचं. नंतर हातात उरतो फक्त माउस आणि समोर फोटोशॉप.

थेंब काठाच्या मधोमध असेल तर माझी काही तक्रार नाही. स्पॉट हीलिंग ब्रशचा एक टिचका मारला की गेला. छळतो तो थेंब जो काठावरून ओघळून प्लेटच्या कडेवर लोंबतो, म्हणजे अर्धा पांढऱ्यावर आणि अर्धा टेबलाच्या काळपट लाकडावर. हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग घेऊन मिसळतो, हाच त्याचा गुण. कडेवर नेमका तोच गुण नडतो. एका बाजूला पांढरं, दुसऱ्या बाजूला काळं, मग तो बिचारा दोघांची समजूत घालून राखाडी करतो. थेंब जातो, पण प्लेट उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. म्हणून इथे डाग काढायचा नसतोच. तिथे डाग पडला नसता तर कड कशी गेली असती, ती नव्याने बांधायची असते.

एक नमुना घेऊ. मिसळ पंचेचाळीस अंशांतून टिपलेली, खिडकीचा उजेड डावीकडून, प्लेट फ्रेमच्या मधोमध, थेंब घड्याळातल्या चाराच्या जागी. पहिला मोह होतो तो शेजारचा स्वच्छ काठ उचलून, थोडा फिरवून डागावर चिकटवायचा. फोटो सरळ वरून काढला असेल तर ते चालतं, कारण तिथे प्लेट खरोखर गोल असते. तिरक्या फोटोत ती लंबगोल होते. समोरचा काठ जवळजवळ सपाट, बाजूंचा चांगलाच वळलेला. पाचाच्या जागचा तुकडा चाराच्या जागी कितीही फिरवा, एक टोक जुळलं की दुसरं बाहेर येतं. पण लंबगोलाच्या डाव्या-उजव्या बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असतात. म्हणून आठाच्या जागचा काठ निवडायचा, Ctrl+J ने वेगळ्या लेयरवर घ्यायचा आणि आडवा उलटवून चारावर आणून बसवायचा. प्लेट फ्रेमच्या कोपऱ्यात असेल तर लंबगोल कलतो आणि हा हिशेब चुकतो. मग वॉर्पने थोडं ताणून घ्यावं लागतं.

इथवर आल्यावर काम झालं असं वाटतं. पण आठाच्या जागेला खिडकीचा उजेड थेट लागतो, चाराची बाजू सावलीत. उलटवलेला तुकडा जास्त उजळ येतो. त्यावर फक्त त्याच लेयरपुरता कर्व्हज लावून तो शेजारच्या काठाइतका उतरवायचा. डावीकडचं टेबल मात्र उचलायचंच नाही, कारण उजवीकडे प्लेटची सावली पडलेली असते आणि डावीकडे ती नसते. सावलीत उजेडाचं लाकूड आलं की बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण नजर तिथेच अडखळते.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी टेबल, मग प्लेट. रिकाम्या लेयरवर, सॅम्पल Current & Below ठेवून, क्लोन स्टॅम्पने डागाशेजारचं सावलीतलं लाकूड घ्यायचं आणि डागाचा कडेजवळचा भाग झाकत थेट कडेच्या आतपर्यंत यायचं. थोडा वेळ प्लेटचा लचका तोडल्यासारखं दिसतं. मालक मागे उभा असेल तर त्याला चहा सांगायला पाठवावं. मग पेन टूलने डागाच्या अलीकडच्या स्वच्छ कडेवर एक बिंदू, पलीकडच्या स्वच्छ कडेवर दुसरा, आणि दोन्हींच्या दांड्या ओढून मधली वक्ररेषा कडेच्या ओघात आणायची. तिसरा बिंदू टाकायचा मोह आवरावा. त्याने कडेला टेंगूळ येतं. रेषा आतल्या बाजूने बंद करून तिचं सिलेक्शन करायचं आणि त्याच्या आत, लाकडाच्या वरच्या लेयरवर, काठाचा तुकडा ठेवायचा.

बरेच जण उलटं करतात. सिलेक्शनच्या आत पांढरं भरतात, मग सिलेक्शन उलटवून बाहेर लाकूड भरतात. दिसायला तर्कशुद्ध. पण सिलेक्शनची कड थोडी मऊ असते, आणि बरोबर रेषेवर दोन्ही थर अर्धे-अर्धेच बसतात. अर्ध्यातून अर्धं म्हणजे पाव डाग खालून डोकावतो. केसाएवढी लालसर रेघ राहते आणि माणूस ती शोधत रात्र घालवतो. खाली आधी सलग लाकूड असलं की डोकवायला लाल काही उरतच नाही.

ती कड किती मऊ ठेवायची, हे शेजारच्या कडेला विचारायचं. फोटो तीनशे टक्के मोठा करून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जायला किती पिक्सेल लागतात ते मोजायचं. चार-पाच लागत असतील तर फेदर एक पिक्सेलपासून सुरू करावा. फोकस फरसाणावर असेल तर पुढचा काठ आणखी धूसर असतो, तिथे फेदर वाढतो. धूसर काठात सुरीने कापल्यासारखी कड आली की ती चिकटवलेली आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

आता उरतो तवंग. थेंब गेला तरी त्याच्याभोवती काठावर फिकट नारिंगी झाक असते, चकाकत्या चिनीमातीत त्याचं प्रतिबिंब पडलेलं असतं. नव्या लेयरचा मोड कलर करून, शेजारच्या पांढऱ्याचा रंग उचलून, मऊ ब्रश वीस-तीस टक्क्यांनी फिरवावा. रंग शेजारचाच उचलायचा, शुद्ध पांढरा नव्हे. खिडकीच्या उजेडात प्लेट जराशी निळसर असते. शेवटी वर एक तात्पुरता कर्व्हज लेयर टाकून तो उभा चढवायचा. राहिलेले चट्टे ओरडून बाहेर येतात.

फरसाणाचा चुरा काढताना त्याची सावलीही काढावी, नाहीतर काठावर बेवारस सावली उरते. एखादा चुरा मी मुद्दाम ठेवतो. डागच नसलेली मिसळ पुण्याची वाटते.

स्टीलच्या ताटापुढे मात्र ही सगळी विद्या थकते. त्या काठात मिसळ, खिडकी, छत आणि फोटोग्राफरचं पोट एकदमच दिसतं, आणि डावीकडचं प्रतिबिंब उजवीकडे चालत नाही. तिथे उपाय एकच. कॅमेरा ट्रायपॉडवर, ताट जागेवर, वाढायच्या आधी स्वच्छ ताटाचा एक फोटो. नंतर तो खालच्या लेयरवर ठेवून मास्कने हवा तेवढाच काठ उघडायचा. वाढताना ताट बोटभर जरी सरकलं तरी काठ जुळत नाही, म्हणून ताटाखाली दुहेरी चिकटपट्टीचे तुकडे लावावेत. सगळी तयारी करून मी कॅमेऱ्याचं बटण दाबायला जातो, तेवढ्यात मालक हात आडवा घालतो, "अवो, रिकाम्या ताटाचा फोटो काढताय? बोहनीच्या वेळेला?"