अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून लगेच पालकत्वाचा दाखला काढू नका

मी अमळनेरकडच्या एका विशेष शाळेत शिकवते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मुलं अठरा वर्षांची झाली की आई-वडील येऊन विचारतात, "बाई, कलेक्टर ऑफिसातून पालकत्वाचा दाखला कसा काढायचा?" मी आता उलट विचारते, दाखला कशासाठी हवाय? कोणता निर्णय अडलाय? बऱ्याचदा उत्तर मिळतं, "तसं काही अडलं नाही, पण सगळेच काढतात."

दाखल्याची सोय राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मध्ये आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. सोय चांगली आहे, आईबापांची काळजीही खरी आहे. पण याच कायद्याच्या कलम १४ मध्ये समितीनं दोन गोष्टी आधी पाहायच्या असं लिहिलंय: या माणसाला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रश्नावर कुणी थांबत नाही. दाखला सगळ्यासाठीच निघतो, आणि त्या दिवसापासून घरात त्या माणसाला काही विचारायचं बंद होतं.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे, त्याला बापू म्हणूया. वय तिशीच्या आसपास. नोटा ओळखतो, दुकानातून सामान आणतो, वावरात कापूस वेचायला जातो. हजारांच्या पुढचा हिशेब जमत नाही आणि सातबारा वाचता येत नाही. वडील वारले आणि वारस म्हणून आई, मोठा भाऊ, बहीण आणि बापू अशी चार नावं उताऱ्यावर लागली. वारस नोंदीला पालकत्वाचा दाखला लागला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण गावात उलटंच सांगितलं जातं.

मग भावाचं म्हणणं आलं की बापूनं हक्कसोड करून द्यावी, म्हणजे पीककर्जाला दरवेळी चार जणांच्या सह्या गोळा कराव्या लागणार नाहीत. आणि त्याला सही कळत नसेल तर भावानंच पालकत्व घ्यावं आणि पालक म्हणून सही करावी. भाऊ वाईट माणूस नाही. पेरणीच्या तोंडावर सोसायटीचं कर्ज अडलं की काय होतं हे खान्देशात कुणाला सांगायला नको. पण ज्याच्या नावावर जमीन जाणार, तोच देणाऱ्याच्या वतीनं सही करणार, हे कसं चालेल?

इथं दुसरा कायदा येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १३. दिव्यांग माणसाला मालमत्ता बाळगण्याचा, वारशानं मिळवण्याचा आणि आपला पैसा आपण सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, आणि त्यासाठी तो कुणाची तरी साथ घेऊ शकतो. साथ देणाऱ्याचा एखाद्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्या व्यवहारापुरतं त्यानं बाजूला व्हायचं. दबाव आणायचा नाही. साथीदार बदलायचा हक्कही त्या माणसाचाच. त्याच्याऐवजी ठरवणं म्हणजे पालकत्व, त्याला ठरवता यावं म्हणून मदत करणं म्हणजे साथ.

म्हणून आम्ही घरात बसून एक कागद केला. रोजच्या पैशात आई साथ देईल. दवाखान्यात बहीण सोबत जाईल, डॉक्टरांचं बोलणं सोपं करून सांगेल. जमिनीच्या बाबतीत बहीण आणि मी, भाऊ नाही. बहिणीलाही जमिनीत वाटा आहे, म्हणून ती एकटी नको. भावाला ते लागलं, पण त्यानं ऐकलं.

आता खरं काम. बापूला मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा म्हणस तसं." पुष्कळ लोक इथंच थांबतात आणि त्याची संमती आहे असं लिहून मोकळे होतात. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात, किंवा दोन पर्याय दिले तर शेवटी ऐकलेला पर्याय उचलतात. आयुष्यभर हो म्हटलं की शाबासकी आणि नाही म्हटलं की राग मिळाला, तर माणूस दुसरं काय शिकेल? त्यामुळे एका उत्तरावर काही ठरवायचं नसतं.

आम्ही त्याला वावरात नेलं. बांधावरून चालत चौघांचं वावर दाखवलं. सही केली तर कागदावरून त्याचं नाव जाईल, मग भावानं जमीन विकली तरी त्याला विचारणार नाहीत, हे सांगितलं. काही दिवसांनी भाऊ नसताना पुन्हा विचारलं, पर्यायांचा क्रम उलटा करून. नंतर एकदा प्रश्नच उलटा केला: नाव ठेवायचं का? प्रत्येक वेळी अर्थ एकच निघाला. शेवटी तो स्वतःहून म्हणाला, "वावर मनंबी शे. मनं नाव काढू नका." म्हणजे वावर माझंही आहे, माझं नाव काढू नका. उत्तर प्रश्नाबरोबर फिरत राहिलं असतं, तर निर्णय अजून झालेला नाही असं आम्ही धरलं असतं.

हक्कसोड झाली नाही. पीककर्जापुरतं त्यानं संमतीपत्र दिलं आणि सोसायटीनं ते चालवून घेतलं. जमीन भाऊच कसतो, बापूच्या वाट्याचे कापसाचे पैसे वेगळ्या खात्यात जातात. ते खातं बापू आणि बहिणीचं संयुक्त आहे, आणि त्यात दोघांच्या सह्या लागतील अशीच अट ठेवली. दोघांपैकी कुणाचीही सही चालेल असं लिहिलं की ते खातं हळूहळू एकाचंच होऊन जातं. बँकेतही आधी दाखलाच मागितला होता. बहिणीनं कलम १३ चा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि नकार द्यायचा तर कारण लेखी द्या म्हणाली, तेव्हा खातं उघडलं.

या वाटेला मर्यादा आहेत. आमच्या घरगुती कागदाला प्रत्येक कार्यालय मान देईलच असं नाही. उद्या जमीन विकायची झाली, तर भारतीय करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे करार समजून आपल्या हिताचा विचार करण्याची क्षमता हा प्रश्न निघेल, आणि पुढे कुणी तो व्यवहार कोर्टात नेऊ शकेल. काही जणांना भरपूर साथ देऊनही कायदेशीर निर्णय घेता येत नाही. त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्यात कलम १४ चं मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. इतर कायद्यांखाली नेमलेल्या पालकानंही मर्यादित पालक म्हणूनच वागायचं, असंही तिथं आहे. ज्यांच्याकडे जुना दाखला आहे त्यांनी हे नीट वाचावं.

१९९९ च्या कायद्यातली एक गोष्ट मला फार खटकते. पालक पैसे खात असेल किंवा हाल करत असेल, तर कलम १७ नुसार त्याला हटवण्याचा अर्ज आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. ज्याच्यावर पालक नेमलाय, त्याचं नाव त्या यादीत नाही. आई-वडील गेले आणि नातेवाईकच पालक झाला, तर त्या माणसानं कुणाकडे जायचं?

अर्ज करावाच लागला, तर कारणाच्या जागी "सर्व बाबींसाठी" असं लिहू नका. कोणती जमीन, कोणता व्यवहार, कधीपर्यंत, ते लिहा. ज्याला त्या व्यवहारातून काही मिळणार आहे त्याचं नाव पालक म्हणून देऊ नका. नेमणूक झाल्यावर पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब समितीला द्यायचा असतो. तो दिला का, हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी विचारत राहा. आणि समितीपुढे जाताना तुमच्या बापूला सोबत न्या, त्याच्या बाजूला बसा आणि आधी त्याला बोलू द्या.