गिलगमेशने अमरत्व हावरटपणामुळे गमावलं?

"गिलगमेशच्या हातात अमरत्वाचं फळ आलं होतं. पण हाव नडली, देवांनी शिक्षा केली आणि शेवटच्या क्षणी फळ गेलं. जगातल्या सगळ्या अमृतकथा हेच सांगतात."

असं सर्रास सांगितलं जातं. गिलगमेश हा प्राचीन मेसोपोटेमियातल्या महाकाव्याचा नायक, उरुक नगरीचा राजा. निनेव्हे या प्राचीन शहराच्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्यांवर हे महाकाव्य सापडलं. त्यातली अकरावी पाटी वाचली की यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

अमरत्वाची संधी त्याने आधीच घालवली होती. महापुरातून वाचलेला उत्नपिश्तिम त्याला म्हणतो, सहा दिवस सात रात्री जागून दाखव. गिलगमेश बसतो आणि लगेच झोपतो. उत्नपिश्तिमची बायको रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते, म्हणजे उठल्यावर त्याला नाकारता येऊ नये. तो उठतो तेव्हा पहिली वाळलेली, पाचवीवर बुरशी, सहावी ताजी आणि सातवी अजून निखाऱ्यांवर असते. अमरत्व गेलं ते तिथे, झोपेपायी.

नंतर मिळते ती काटेरी वनस्पती, फळ नव्हे. पायांना जड दगड बांधून तो पाण्याच्या तळाशी जातो आणि हात रक्तबंबाळ करून ती उपटतो. तिचं नावच आहे 'म्हातारा तरुण झाला'. म्हणजे ती तारुण्य परत देणारी.

आता हाव. हावरट माणसाने ती काठावरच खाल्ली असती. हा म्हणतो, उरुकला नेईन, आधी एका म्हाताऱ्याला खायला देऊन बघेन, मग मी खाईन. मला तर हा प्रसंग वाचताना दरवेळी वाईट वाटतं, कारण जपून ठेवली म्हणूनच ती गेली. वाटेत गार पाण्याचं डबकं दिसतं, तो अंघोळीला उतरतो. वासाने साप येतो, वनस्पती नेतो आणि जाता जाता कात टाकतो. शिक्षा करायला इथे एकही देव येत नाही. साप कात टाकून नवा होतो, माणूस का होत नाही, याचं उत्तर ही कथा देते. म्हणून वनस्पती सापाकडेच जायला हवी, आणि माणसाने ती खाण्याआधी. ऐकणाऱ्यांच्या घरची माणसं तर मरतच होती. नायकाने ती खाल्ली असती तर कथा कोणाला खरी वाटली असती?

आपल्याकडे महाभारताच्या आदिपर्वात हेच उलटं घडतं. आईला दास्यातून सोडवायला गरुड अमृत आणतो, दर्भावर ठेवतो आणि सापांना स्नान करून यायला सांगतो. ते स्नानाला जातात, इंद्र अमृत उचलतो. परतलेले साप दर्भ चाटतात आणि त्यांच्या जिभा चिरतात. सापाची जीभ दुभंगलेली का, याचं हे उत्तर. निर्लोभाचं कौतुक या कथेत आहे खरं : वाटेत अमृत न चाखणाऱ्या गरुडाला विष्णू अमृताविनाच अमर करतो. पण अमृत हातचं जातं ते अंघोळीच्या वेळीच, दोन्हीकडे.

गिलगमेश रडतो, नावाडी उर्शनाबीला म्हणतो, माझे हात कोणासाठी झिजले? मग दोघे उरुकला पोचतात आणि तो त्याला सांगतो : तटावर चढ, विटा नीट बघ, भाजलेल्या आहेत ना?