फोटो आला, खाली एक अक्षर नाही

२० एप्रिलची रात्र, पावणेअकरा. दिवसभर बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापलेल्या गच्चीवर पाणी मारून नुकताच आडवा झालो होतो. मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. वर वकिलाचं नाव, खाली दाट टाईप केलेला मजकूर, डाव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आणि कागदावर पंख्याची सावली. नमस्कार नाही, प्रश्न नाही.

मी वकील नाही. अमळनेरला एका वकीलसाहेबांकडे अकरा वर्षं टायपिंग केलं, आता माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तरी महिन्यातून एखादा तरी असा मुका फोटो येतोच. आधी मला राग यायचा, की दोन शब्द लिहायला काय होतं? आता कळतं की लिहायचे शब्दच त्या माणसाजवळ नसतात. 'माझ्यावर नोटीस आली' हे वाक्य टाईप करायला त्याला लाज वाटते. म्हणून 'हे काय पाठवलंस?' असं मी विचारत नाही. पहिला प्रश्न एकच: हे हातात कधी पडलं?

फोन लावला. "दादा, हाई काय शे? मी त पैसा दिधात." मग कळलं की पोस्टमनने पाकीट ९ तारखेलाच मावशीकडे दिलं होतं. तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि लग्नाच्या धावपळीत विसरली. याने उघडलं २० ला. नोटिशीवर तारीख २ एप्रिल, आत 'पंधरा दिवसांचे आत'. याने २ पासून मोजलं, १७ ला मुदत संपली असं ठरवलं आणि 'आता काय उपयोग' म्हणून कागद पुन्हा घडी करून ठेवणार होता.

मी दुसरं पान आणि पाकिटाच्या दोन्ही बाजू मागितल्या. लोक पाकीट फेकून देतात आणि कागद जपून ठेवतात. पाकिटावर पोस्टाचा तेरा अक्षरी नंबर असतो, तो पोस्टाच्या साइटवर टाकला की वाटप कोणत्या दिवशी झालं ते दिसतं. दिसलं, ९ एप्रिल.

ही चेक न वटल्याची नोटीस होती, कलम १३८ ची. यात दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून नाही, नोटीस मिळाल्यापासून मोजतात आणि मिळालेला दिवस सोडतात. ९ ला मिळाली, तर १० पासून मोजून २४ एप्रिल हा पंधरावा दिवस. मावशीच्या हातात पडणं म्हणजे याला मिळणं का, यावर वकील वाद घालू शकतील. मी मात्र मोजायला नेहमी सगळ्यात आधीची तारीख धरतो. म्हणजे हातात चार दिवस होते. त्या पंधरा दिवसांत चेकची पूर्ण रक्कम दिली तर हा गुन्हाच उभा राहत नाही. नाही दिली, तर पुढच्या महिनाभरात समोरच्याला कोर्टात फिर्याद करता येते. घाई करायची ती एवढ्यासाठीच. हा दरवाजा २४ पर्यंत उघडा होता आणि याला तो बंद झाल्यासारखा वाटत होता.

रात्रीच मी त्याला लिहून पाठवलं. बोललेलं सकाळपर्यंत अर्धं विसरतं, म्हणून लिहूनच देतो:

"हे कोर्टाचं समन्स नाही, वकिलाची नोटीस आहे. पोलीस येणार नाहीत. कृषी केंद्रवाला म्हणतो की बियाणं-खताची १,८५,००० उधारी होती, तू दिलेला १० मार्चचा चेक १२ मार्चला खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. पंधरा दिवसांत पैसे दे, नाहीतर फिर्याद करतो. गुन्हा शाबित झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कलमात आहे. मुदत २४ एप्रिल धर. एवढं कागद सांगतो. काय करायचं ते उद्या वकील सांगतील, मी नाही."

शेवटच्या वाक्यावर तो रुसला. "तू इतकी वर्षं तिथे होतास, तुला माहीत नाही का?" माहीत आहे, म्हणूनच सांगत नाही. दुकान टाकल्यावर पहिल्याच वर्षी एका ओळखीच्या माणसाला मी अशाच नोटिशीचं उत्तर टाईप करून दिलं होतं. साधं, नम्र: 'रक्कम देणे आहे, परंतु कापूस अद्याप विकला गेला नसल्याने मुदत द्यावी.' मला वाटलं, किती सभ्य पत्र. पुढे तेच पत्र कोर्टात निशाणी लागून पुरावा झालं. देणं आहे हे त्याने सहीनिशी कबूल केलेलं होतं आणि ते शब्द माझे होते. उलट, गप्प बसणंही धोक्याचंच. नोटिशीला उत्तरच दिलं नाही, तर समोरच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे असा निष्कर्ष निघू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलेलं आहे. म्हणजे उत्तर द्यायचंच, पण त्यातला प्रत्येक शब्द जबाबदारी घेणाऱ्याने लिहायचा.

भावाचं म्हणणं असं की चेक गेल्या जूनमध्ये पेरणीच्या वेळी कोरा सही करून दिला होता, 'तारण म्हणून'. आपल्याकडे ही रीतच पडली आहे, दुकानदार बियाण्याची पिशवी देतो आणि चेकचं पान ठेवून घेतो. त्याला वाटत होतं, कोरा होता म्हणजे बादच. तसं नाही. स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवरही, तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं, सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकालच आहे. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.

पण "पैसा दिधात" यात खरं वजन होतं. कापूस विकून जानेवारीत त्याने ७०,००० फोनवरून दुकानाच्या खात्यात भरले होते. तरी चेकवर भरलेली रक्कम पूर्ण १,८५,०००. चेक दिल्यानंतर काही रक्कम फिटलेली असेल आणि चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेचाच चेक टाकला, तर १३८ लागू होत नाही, असा २०२२ चा निकाल आहे. हे ऐकून मलाही 'केस उडाली रे' म्हणायचा मोह झाला. आवरला. ते ७०,००० याच उधारीचे की आदल्या हंगामाच्या बाकीचे, हे दुकानदाराची वही दाखवेल, आणि ती वही मी पाहिलेली नाही. मी इतकंच म्हटलं, "वकिलांसमोर बसलास की आधी हेच सांग, आणि बँकेतून जानेवारीचा उतारा घेऊन जा." फोनमधले मेसेज त्याने केव्हाच पुसले होते.

अडचण खरी तिसरीच निघाली. २१ ला सकाळी त्याने तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मुंबईच्या काकांनी लिहिलं, 'घाबरू नको, अशा नोटिसा येतच असतात.' साल्याने लिहिलं, 'वीस हजार देऊन टाक, गप्प बसेल.' एकाने अंगठा दिला. अर्धवट रक्कम दिल्याने ती पंधरा दिवसांची अट पुरी होत नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचं कुणाला वाटतही नव्हतं. पाकीट परत पाठवायचा सल्लाही एकाने दिला. घेतलेलं पाकीट परत जात नसतं, आणि पत्ता बरोबर असताना नाकारलं तरी कोर्ट ते मिळालं असंच धरतं.

त्याला गाडीवर बसवून २२ ला दुपारी कोर्टासमोरच्या वकीलबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी पाकीट, दोन्ही पानं आणि बँकेचा उतारा पाहिला, मला बाहेर चहा प्यायला पाठवलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. बरोबरच केलं. २३ ला उत्तर स्पीड पोस्टाने गेलं, पावती त्याने मला दाखवली. उत्तरात काय आहे ते मी विचारलं नाही. मावशीने मात्र देव्हाऱ्यात आता फक्त लग्नपत्रिका ठेवायच्या असं ठरवलंय.