‘एक LIKE पुरे’ म्हणणाऱ्यांना

> “अक्षांश-रेखांशांच्या भानगडीत पडूच नका. प्रत्येक बिंदूचा जिओहॅश काढून टेबलात ठेवा. सुरुवातीची जितकी अक्षरं जुळतील तितके बिंदू जवळ. जवळपासचं शोधायला एक LIKE पुरे. काही सापडलं नाही तर शेवटचं अक्षर कापा आणि पुन्हा शोधा. गट पाडायचे असतील तर पहिल्या पाच अक्षरांवर GROUP BY. स्पेशियल इंडेक्स वगैरे सगळं थोतांड.”

जिओहॅश म्हणजे नकाशावरच्या एका चौकटीचं अक्षरी नाव, अक्षरं जितकी जास्त तितकी चौकट लहान. आणि LIKE म्हणजे SQL मध्ये अमुक अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधणं. वरचा मजकूर बरेच दिवस फिरतोय. फिरेना का, म्हणून मी सोडून दिला होता. पण परवा तो जसाच्या तसा माझ्या भाचीच्या कोडात उतरलेला दिसला. तिची पहिलीच नोकरी, आणि काम रुग्णवाहिका शोधण्याचं: फोन जिथून आला तिथून पाचशे मीटरच्या आत कोणत्या गाड्या मोकळ्या आहेत त्यांची यादी द्यायची. काही ठिकाणी अगदी जवळ उभी असलेली गाडी यादीत येतच नव्हती. “मावशी, जीपीएसचा डेटाच खराब आहे,” हे तिचं निदान. डेटा चोख होता. बिघाड वरच्या सल्ल्यात होता, आणि तो गप्प बसणारा बिघाड आहे: क्वेरी एरर देत नाही, यादी देते, फक्त अपुरी देते.

‘अक्षरं जुळली की जवळ’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पसरतं. सहा अक्षरं जुळली तर दोन्ही बिंदू एकाच चौकटीत आहेत, आणि ही चौकट विषुववृत्तावर साधारण १.२२ किमी रुंद आणि ०.६१ किमी उंच असते. इथपर्यंत मान्य. पण याचं उलट खरं नाही. अक्षरं जुळली नाहीत म्हणून बिंदू लांब आहेत असं कुणी सांगितलं?

जिओहॅश बनतो कसा ते पाहिलं की हे लगेच कळतं. आधी रेखांश: बिंदू जगाच्या पूर्व अर्ध्यात की पश्चिम अर्ध्यात? पूर्व असेल तर १, पश्चिम असेल तर ०. मग अक्षांश: उत्तर १, दक्षिण ०. मग उरलेल्या तुकड्याचे पुन्हा रेखांशाने दोन भाग, पुन्हा अक्षांशाने दोन, असं आलटून पालटून. पाच उत्तरं जमली की त्यांचं एक अक्षर, बत्तीस चिन्हांपैकी. गुस्ताव्हो निमेयरने २००८ मध्ये हे आणलं. अक्षांश-रेखांशाचे बिट एकमेकांत गुंफायची कल्पना मात्र जुनी, जी. एम. मॉर्टनने १९६६ मध्ये मांडलेली. यात पहिल्याच प्रश्नाची रेघ शून्य रेखांशावरून जाते. तिच्या दोन बाजूंचे बिंदू पहिल्या बिटलाच वेगळे होतात, मग ते एकमेकांना कितीही चिकटून असोत. भिंत सामाईक, पण पत्ते दोन वेगळ्या गावांचे, अशी गत.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. ग्रीनिचजवळ अक्षांश ५१.४८ वर दोन बिंदू घ्या, एकाचा रेखांश −०.०००५, दुसऱ्याचा +०.०००५. अंतर सुमारे ६९ मीटर. पश्चिमेकडच्याचा सहा अक्षरी जिओहॅश gcpuzg, पूर्वेकडच्याचा u10hb5. एकही अक्षर जुळत नाही. हे फक्त ग्रीनिचलाच होतं असं समजू नका. तिथे ते पहिल्या अक्षरात होतं, इतरत्र चौथ्या किंवा पाचव्या अक्षरात होतं. प्रत्येक चौकटीला चार कडा असतातच, आणि कडेजवळ फोन करणारा माणूसही कधी ना कधी असतोच.

आता या पोस्टमधला सगळ्यात अफाट सल्ला: ‘शेवटचं अक्षर कापा आणि पुन्हा शोधा’. gcpuzg मध्ये गाडी नाही, बरं. अक्षर कापलं, gcpuz. ही चौकट त्या अक्षांशावर सुमारे ३ किमी रुंद आणि ४.९ किमी उंच, पण तिची पूर्वेची कड अजूनही शून्य रेखांशावरच आहे. gcpu, gcp, gc, प्रत्येक वेळी चौकट बत्तीस पटीने मोठी होते, आणि पूर्वेची कड जागची हलत नाही. शेवटी नुसता g उरतो. त्यात आइसलँड येतं, ग्रीनलँडचा पूर्वेकडचा मोठा तुकडाही येतो. ६९ मीटरवरची गाडी येत नाही. ती शोधायची तर g सुद्धा कापावा लागेल, म्हणजे अख्खं जग चाळायचं. मग इंडेक्सचा घाट कशाला घातला होता?

व्यवहारात गोष्ट इतकी ताणली जातच नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. gcpuz मध्ये तीन किलोमीटर पश्चिमेला एखादी मोकळी गाडी सापडते, लूप थांबतो, आणि स्क्रीनवर ‘सर्वात जवळची’ म्हणून तीच दिसते. रिकामी यादी आली असती तर निदान कुणाला शंका आली असती.

ही कडेची क्वचित घडणारी गोष्ट आहे, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी साधा हिशोब. पाचशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौ. किमी. ५१.४८ अक्षांशावर सहा अक्षरांची चौकट ०.७६ गुणिले ०.६१, म्हणजे जेमतेम ०.४६४ चौ. किमी. चौकटच वर्तुळापेक्षा लहान! फोन करणारा चौकटीच्या बरोब्बर मध्यावर असला तरी शोधायच्या जागेतली ५९ टक्केच पाहिली जाते. तो कडेकडे सरकला की त्याहून कमी, आणि कोपऱ्यात असेल तर वर्तुळाचा पाव भाग. एका LIKE ची ही लायकी.

बरोबर पद्धत अवघडही नाही, हेच जास्त चीड आणतं. आपली चौकट आणि तिला चिकटून असलेल्या आठ, अशा नऊ चौकटी एकदम विचारायच्या. वरच्या पश्चिमेकडच्या बिंदूसाठी:

```sql
SELECT id, lat, lon FROM gaadi
WHERE gh6 IN ('gcpuzs','gcpuzu','u10hbh',
              'gcpuze','gcpuzg','u10hb5',
              'gcpuzd','gcpuzf','u10hb4');
```

उजवा रकाना पाहा, u10 ची मंडळी तिथे आपसूक आली. शेजारी काढायला अक्षरांशी झटापट करायची नाही. बिट वेगळे करून रेखांश किंवा अक्षांशाच्या आकड्यात एक मिळवायचा वा वजा करायचा. बहुतेक जिओहॅश लायब्ररींत यासाठी तयार फंक्शन असतं आणि १८० रेखांशाच्या रेघेवरचा वळसाही त्यात सांभाळलेला असतो, तरी एकदा तपासून घ्या. एवढं झालं की आलेल्या प्रत्येक ओळीचं खरं अंतर हॅवरसाइन या गोलावरचं अंतर काढणाऱ्या सूत्राने मोजायचं, पाचशे मीटरबाहेरच्या गाळायच्या आणि उरलेल्या अंतरानुसार लावायच्या. ही शेवटची पायरी ऐच्छिक नाही. जिओहॅश फक्त उमेदवार निवडतो, निकाल अंतर देतं.

हे माझं डोकं चालवून सांगत नाहीये. Redis या डेटाबेसमध्ये GEOADD ने टाकलेला बिंदू ५२ बिटांचा जिओहॅश आकडा म्हणून सॉर्टेड सेटमध्ये बसतो, आणि त्यांच्याच दस्तऐवजात लिहिलं आहे की त्रिज्येतला शोध १+८ क्षेत्रं तपासून आणि बाहेरचे बिंदू टाकून देऊन होतो. ज्यांनी जिओहॅशवर अख्खी सोय उभारली तेही एका चौकटीवर भागवत नाहीत. पोस्ट लिहिणाऱ्याने ते एक पान वाचलं असतं तरी पुरलं असतं.

अक्षरं किती घ्यायची, याचा नियम एका ओळीचा आहे: चौकटीची लहान बाजू शोधाच्या त्रिज्येपेक्षा कमी नको. तसं असेल तर नऊ चौकटींच्या बाहेर वर्तुळ जाऊच शकत नाही. पाचशे मीटरला सहा अक्षरं चालतात, कारण उंची ६१० मीटर आहे. सात अक्षरांची चौकट विषुववृत्तावर १५३ मीटरची, तिथे नऊ चौकटीही तोकड्या पडतात. आणि रुंदी ध्रुवाकडे जाताना आकसते, हे विसरायचं नाही. साठ अंशांवर ती निम्मी होते, म्हणजे साधारण ६१० मीटर, आणि ६६ अंशांच्या आसपास पाचशेच्या खाली जाते. तिथून पुढे पाच अक्षरांवर उतरावं लागतं.

आपला शोध चुकतोय का हे ओळखायचं तर नकाशाकडे टक लावून उपयोग नाही. टेबलातले हजारभर बिंदू घ्या, प्रत्येकाभोवती एकदा जिओहॅशने शोधा आणि एकदा सगळ्या ओळींचं अंतर सरळ मोजून शोधा. दोन याद्यांत फरक एकही नको. भाचीच्या कोडावर हेच लावलं. सुटलेल्या गाड्या नकाशावर टाकल्या तेव्हा त्या सगळ्या चौकटींच्या रेघांपलीकडे उभ्या होत्या. जीपीएसवरचा आळ तिथेच गेला.

GROUP BY बद्दल थोडं नमतं घेते. पाच अक्षरांवर मोजणी करून कुठे किती दाटी आहे याचं ढोबळ चित्र स्वस्तात मिळतं. लांबून दिसणाऱ्या नकाशावर ठिपक्यांऐवजी आकडे दाखवायचे तर खुशाल करा. फक्त त्याला ‘गट’ म्हणू नका. चाळीस गाड्यांचा एकच जमाव चार चौकटींच्या कोपऱ्यावर उभा असेल तर यादीत दहा-दहाचे चार किरकोळ आकडे दिसतील, आणि सर्वात मोठी गर्दी म्हणून भलतीच जागा वर येईल.

राहिलं इंडेक्सचं थोतांड. ज्या डेटाबेसला किल्ल्या क्रमाने लावण्यापलीकडे काही येत नाही, तिथे जिओहॅश खरोखर कामाचा आहे. पण PostGIS, म्हणजे PostgreSQL ची नकाशांसाठीची जोड, हाताशी असताना ठरावीक अंतरातलं शोधणारं ST_DWithin आणि GiST इंडेक्स सोडून हे करायचं काय कारण? कॉलम geography प्रकारचा ठेवला की त्यात कडा, शेजारी, आकसणारी रुंदी यांतलं काहीच तुमच्या गळ्यात पडत नाही. आणि गंमत म्हणजे PostgreSQL मध्ये LIKE 'gcpuz%' साधा इंडेक्स असूनही तो वापरेलच असं नाही. कॉलमचं कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम, C नसेल तर इंडेक्स text_pattern_ops ने बनवावा लागतो:

```sql
CREATE INDEX ON gaadi (gh6 text_pattern_ops);
```

मोठ्या टेबलावर EXPLAIN लावून Seq Scan दिसला, तर त्या ‘झटपट’ शोधात प्रत्येक वेळी पूर्ण टेबल वाचलं जातंय. IN मधल्या नऊ नेमक्या किमतींना ही अडचण येत नाही, त्यांना साधा इंडेक्स पुरतो.