इस्त्री केलेली पावती

सोसायटीच्या सत्यनारायणाची खरेदी माझ्याकडे आली आणि पावती चुरगळली. या दोन गोष्टींचा संबंध फक्त माझ्या पॅन्टच्या मागच्या खिशाशी आहे. खजिनदार काकांना हिशेब द्यायचा, तोही बँकेतून ऑडिट करून निवृत्त झालेल्या माणसाला, तेव्हा कागद जरा नीटनेटका असावा म्हणून मी पावतीवर इस्त्री फिरवली.

किराणा दुकानाच्या पावतीवर शाई नसतेच, हे मला त्या दिवशी कळलं. तो कागदच उष्णतेने काळा होतो, छपाईयंत्र त्याला हवं तिथे चटके देतं एवढंच. मी एकदम सगळीकडे चटका दिला. पावती पाटीसारखी काळीकुळकुळीत झाली. बायको म्हणाली, "आता पांढऱ्या खडूने लिही त्यावर."

वाचवलं ते एका फोटोने. काजू घेतले का, असं काकांनी दुकानात असतानाच विचारलं होतं, तेव्हा पुरावा म्हणून मी पावतीचा फोटो पाठवला होता. तिरका, वरून ट्यूबलाइटची चमक, आणि मध्ये बरोब्बर रव्याच्या ओळीवर घडी. काका म्हणाले, "हरकत नाही. फोटोवरून तक्ता करून दे. वस्तू, नग, दर, रक्कम, कर. खाली बेरीज."

फोनमध्ये फोटोतला मजकूर उचलायची सोय असते. ती वापरली. फोनने आधी डावीकडची सगळी नावं एका दमात वाचली आणि मग उजवीकडचे सगळे आकडे. लग्नात मुलाकडचे एका बाजूला आणि मुलीकडचे एका बाजूला बसावेत तसं. कोण कोणाचं ते आपण शोधायचं. त्यातही एकूण रक्कम म्हणून मी भाबडेपणाने सगळ्यात मोठा आकडा उचलला, 1500. तो मी दिलेल्या रोख पैशांचा होता. त्याखाली 207 परत, असंही लिहिलं होतं, पण परत मिळालेल्या पैशांकडे कोण बघतं?

मग फोन बाजूला ठेवून एकेक ओळ डोळ्यांनी लावली. पावतीच्या तळाशी वस्तू 7 असं छापलं होतं. माझ्या तक्त्यात ओळी आठ भरल्या. आठवी ओळ "सूट −52.50" ही होती, आणि ती तुपाच्या खाली बसली होती. ती वस्तू नाही हे मला समजलं, म्हणून मी ती उचलून सगळ्यात खाली, बेरजेच्या वर नेऊन ठेवली. टापटीप दिसत होतं. हे पाप पुढे फळलं.

केळ्यांचं वजन फोनने 1.845 वाचलं होतं. मला ते 1.345 वाटत होतं. पुसट छपाईत 3 आणि 8 हे जुळे भाऊ असतात. पण दर 58 आणि रक्कम 78.01 स्वच्छ दिसत होती. 1.845 ने गुणलं तर 107.01 येतात, 1.345 ने 78.01. निकाल लागला. पावतीतला प्रत्येक आकडा दुसऱ्या दोघांचा साक्षीदार असतो, हे कळल्यावर मला जरा गुप्तहेर झाल्यासारखं वाटायला लागलं.

त्याच जोरावर रव्याची घडी घेतली. घडीखाली वजन झाकलं होतं. मी सव्वा किलो मागितला होता, प्रसादाला सव्वाच लागतो, म्हणून बेधडक 1.250 लिहिलं. 45 च्या दराने 56.25 होतात. पावतीवर 57.15. नव्वद पैसे कुठून आले? उलटं भागलं: 57.15 भागिले 45, म्हणजे 1.270. तराजूवर वीस ग्रॅम जास्त पडले होते. देवाला सव्वा चालतो, तराजूला नाही.

आता कर. पावतीवर तेल-तुपाच्या गटावर सीजीएसटी 2.50%, एसजीएसटी 2.50% असं लिहिलेलं. मी कराच्या रकान्यात 2.5 लिहून मोकळा झालो. काका म्हणाले, "अरे, अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. तूप, साखर, काजू, उदबत्ती सगळ्यांना मिळून पाच. भांड्यांच्या साबणाला अठरा. सुटा रवा आणि केळी, शून्य."

मी रकमेचे पाच टक्के काढले. साबणाचे 118 रुपये, त्याचे अठरा टक्के 21.24. सगळा मिळून कर 75.84 आला, आणि पावतीवर होता 67.50. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कर किमतीच्या आतच आहे. 118 म्हणजे 100 अधिक 18. तू करावरही कर काढलास." म्हणजे पाच टक्क्यांचा कर असा काढायचा:

```
=ROUND(D4*5/105,2)
```

अठराला `18/118`. तसं केलं आणि एकूण कर आला बरोब्बर 70. इतका गोल आकडा पाहून मी खूश झालो. काका खूश झाले नाहीत. "67.50 हवेत. अडीच रुपये कुठे गेले?"

अडीच रुपयांसाठी आम्ही दोन कप चहा प्यायलो, ज्याची किंमत तक्त्यात नाही. एकूण रक्कम तर जुळत होती. 1292.66, पावतीवरही तीच. सगळ्या वस्तू बरोबर, वजनं बरोबर, बेरीज बरोबर, तरी कर चुकतो म्हणजे काय?

काकांनी माझ्या टापटीप ठेवलेल्या सूट ओळीवर बोट ठेवलं. "ही कोणाची?"

"तुपाची."

"मग तुपापासून तोडून खाली का आणलीस?"

तूप 630 चं, सूट 52.50, म्हणजे दिलेले 577.50. बिलावरच दिलेली सूट आधी वजा होते आणि कर उरलेल्यावर लागतो. 577.50 मध्ये कर 27.50. मी काढला होता 630 मधला, 30. हेच ते अडीच रुपये. बेरजेला सूट कुठेही वजा केली तरी फरक पडत नाही, म्हणून बेरीज गप्प राहिली. बोलला तो कर.

सूट परत तुपाच्या ओळीत, स्वतंत्र रकान्यात घातली. ओळी सात झाल्या. पाच टक्क्यांच्या गटाचा कर 49.50, साबणाचा 18, मिळून 67.50. मी हात वर केले. काका म्हणाले, "1292.66 आहेत. तू 1293 दिलेस." शेवटी 34 पैशांची "पूर्णांकन" नावाची ओळ बेरजेच्या खाली गेली, तिला कर नाही, नग नाही, तरी तिला जागा आहे.

काकांनी सही केली आणि खिशातून एक चिठोरं काढून माझ्यासमोर ठेवलं. फुलवाल्याचं. पेनाने लिहिलेलं, "हार 3, बाकी 40", आणि मग एक आकडा जो 90 असेल किंवा 70.

"यात कर नाही," काका म्हणाले. "आणि हिला इस्त्री करू नकोस."