निकालाचा तक्ता बिनचूक कसा करावा

निकालाचा तक्ता तपासायला बसलात की आधी टक्केवारीची बेरीज करा. 100 आली की तक्ता बरोबर, 99.99 आली की बोंब ठोका. आकडे दोन दशांशांपर्यंत आणताना दर ओळीत 0.005 इतका फरक पडू शकतो, पण एवढ्या बारकाव्यात बोंब मारणाऱ्याने शिरू नये.

समजा, समोर असा तक्ता आहे. अ ला 41,372 मते, म्हणजे 49.59 टक्के. ब ला 38,654, म्हणजे 44.17 टक्के. क ला 5,210, म्हणजे 6.24 टक्के. एकूण वैध मते 83,436. अ चे मताधिक्य 4,518, म्हणजे 5.41 टक्के. टक्क्यांची बेरीज नेमकी 100. झालं काम, सही करा!

तरीही हात शिवशिवत असतील तर 49.59 मधून 44.17 वजा करा. उत्तर 5.42 येतं आणि तक्त्यात 5.41 आहे. चोर सापडला म्हणून लगेच जाहीर करा. 4,518 ला 83,436 ने भागलं तर 5.41 च येतं, आधीच पूर्णांकित केलेल्या टक्क्यांची वजाबाकी शेवटच्या अंकात अशी हलतेच, हे कुणी सांगू लागला तर त्याला गप्प बसवा.

मात्र 41,372 मधून 38,654 वजा करण्याच्या फंदात पडू नका. 2,718 येतात आणि उगाच झोप उडते. त्याहून वाईट खोड म्हणजे प्रत्येक उमेदवाराच्या मतांना त्याच्याच टक्केवारीने भागून एकूण मते उलटी काढणे. अ च्या ओळीतून साधारण 83,430 निघतात, क च्या ओळीतून 83,490. क ची टक्केवारी लहान, त्यामुळे त्याचं उत्तर जरा सैल येणारच. ब ची ओळ मात्र 87,510 च्या घरात जाते. म्हणजे गडबड कुठल्या ओळीत आहे हेही कळून बसतं, आणि मग कानाडोळा करायची सोय राहत नाही.

काही खवट माणसं इथंही थांबत नाहीत. तिन्ही उमेदवारांच्या मतांची बेरीज करतात, ती 85,236 भरते, एकूण मतांपेक्षा 1,800 जास्त. 1,800 ला 9 ने नि:शेष भाग जातो म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकतात, कारण शेजारचे दोन अंक टंकताना उलटे पडले की फरक नेहमी 9 च्या पटीतच येतो. मग 38,654 चे 36,854 करून पाहतात, आणि बेरीज, टक्के, मताधिक्य सगळं जागेवर बसतं. (9 ची पट योगायोगानेही येते, पण इतक्या गोष्टी एकदम जुळल्यावर वाद कोण घालणार?)

तुम्ही एवढी दगदग करू नका. 38,654 तसेच ठेवा आणि एकूण मते, टक्के, मताधिक्य ही घरं सूत्रांवर सोडून द्या. अ 48.54, ब 45.35, क 6.11, मताधिक्य 2,718. आता तक्त्यात कुठल्याही दिशेने भागा, वजा करा, तक्रारीला जागा नाही. मूळ मोजणीपत्रक तेवढं कुणाला मागू देऊ नका.